'इचार हिला' हे मी गाळलं

ही हकीकत सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी विचारलं नाही, हे एक कारण. दुसरं असं, की ते पुस्तक शेवटी चांगलं झालं, आणि चांगल्या झालेल्या कामाखालची माती उकरायला माणूस सहसा जात नाही. ज्या दोघींना हे कळायला हवं होतं त्या आता नाहीत. त्यांच्या घरच्यांना यातला अर्धा भाग ठाऊक आहे. उरलेला अर्धा फक्त माझ्याजवळ आहे, आणि माझंही आता वय झालं.

माझा सगळा जन्म नाशिकच्या एका छापखान्यात मुद्रितं तपासण्यात गेला. निवृत्त झाल्यावर लोक घरी येऊ लागले. कुणाच्या वडिलांच्या आठवणी, कुणाचं हेडमास्तर म्हणून केलेलं आत्मकथन, कुणाच्या आईच्या पाककृती. घरच्यांपुरत्या शंभर-दोनशे प्रती काढायच्या, त्यासाठी मजकूर नीट करून द्यायचा. मला हे काम आवडायचं. दुसऱ्याचं ओबडधोबड वाक्य हातात घ्यावं, दोन शब्द इकडचे तिकडे करावेत, आणि ते चालायला लागावं, यात एक सुख असतं. त्या सुखाची मला सवय झाली होती.

एके दिवशी एक मुलगी आली. शाळेत शिक्षिका होती, नाशिकरोडच्या बाजूला एका बौद्ध वसाहतीत राहायची. तिने आपल्या आजीला मोबाइलवर बोलतं केलं होतं, काही दुपारी बसून. आजी मूळच्या नांदगावकडच्या एका खेड्यातल्या. लग्न होऊन तिथल्याच सासरी नांदल्या, मग नवऱ्याबरोबर नाशिकला आल्या आणि द्राक्षबागांमधून मजुरी करत त्यांनी घर उभं केलं. ते रेकॉर्डिंग मुलीने एका टायपिंगवाल्या बाईंकडून कागदावर उतरवून घेतलं होतं. बाईंना सांगितलं होतं, फक्त आजीचं बोलणं टाइप करा, मधले बाकीचे आवाज सोडून द्या.

"आजी सांगते तेव्हा आम्ही हसून लोळतो," मुलगी म्हणाली. "आणि मग एकदम रडायला येतं. पण हे कागदावर वाचलं तर कुणाला काही कळत नाही. तुम्ही वाचण्यासारखं करून द्या. फक्त आजी आजीच राहिली पाहिजे."

"तेच तर माझं काम," मी म्हणालो.

तिने पेनड्राइव्ह पुढे केला. "यात मूळ आवाज आहे. ऐकाल ना आधी?"

मी हो म्हणालो आणि पेनड्राइव्ह टेबलाच्या खणात टाकला. तो मी ऐकला नाही. इतकी वर्षं माणसांची हस्तलिखितं वाचलेला मी. कागदावरून मला आवाज ऐकू येतो, असा माझा समज होता. शिवाय वसाहतीतल्या विहारात आजींच्या वाढदिवसाला त्यातला काही भाग वाचायचं ठरलं होतं आणि दिवस थोडे होते. टिपण तयार झालं की आधी सांगणाऱ्या माणसाला एकट्याला वाचून दाखवायचं, शंका विचारायच्या, हा माझा नेहमीचा शिरस्ता. तोही मी त्या वेळी मोडला.

कागद वाचायला घेतले. पहिल्याच पानावर आजींनी आपल्या थोरल्या जावेची ओळख करून दिली होती. दोघी एकाच घरात सुना म्हणून आल्या, एकाच चुलीवर राबल्या, दोघींचे नवरे गेल्यावरही एकाच घरात राहत होत्या. पुढे पानोपानी ही जाऊ येत होती, आणि तिच्या मागोमाग एक वाक्य येत होतं: इचार हिला. आजी काही सांगत आणि म्हणत, इचार हिला. पुन्हा सांगत आणि म्हणत, खोटं असंल तर सांग म्हनावं, इचार. म्हणजे जाऊ शेजारीच बसलेली होती, हे उघड होतं. मला ते कळलंही होतं. पण पुस्तक वाचणाऱ्याच्या शेजारी कुणी बसलेलं नसतं, त्याने विचारायचं कुणाला, असा हिशेब करून मी ते वाक्य दिसेल तिथे गाळत गेलो. पाल्हाळ कमी झालं म्हणून मला बरं वाटलं.

एक उदाहरण देतो, कारण सगळं त्यावरच आहे. टाइप केलेल्या कागदावर असं होतं:

"सासूनं मेथीचे लाडू केले, डबा भरून. मेथी म्हंजे कडू जहर. माझ्या नाय गळ्याखाली उतरले. हिनं खाल्ले. सगळे हिनं खाल्ले. इचार हिला. बाळंतीण मी आन् गाल वर आले हिचे. इचार, इचार."

मी केलं ते असं:

"माझ्या बाळंतपणात सासूबाईंनी डबाभर मेथीचे लाडू केले होते; पण ते माझ्या वाट्याला आले नाहीत. माझ्या थोरल्या जावेने ते सगळे संपवले. बाळंतीण मी होते, आणि गाल मात्र तिचे वर आले."

मेथी कडू असते हे सगळ्यांना माहीत असतं म्हणून ते वाक्य काढलं. विनोद राहिला आहे, असं मला वाटलं. गालांचं वाक्य वाचून मी स्वतः हसलो होतो.

दुसरी गोष्ट क्रमाची. आजी काळाप्रमाणे सांगत नव्हत्या. लाडूंची गोष्ट आली होती दुसऱ्या दुपारी. त्यांची पहिली मुलगी तान्ही असताना तापाने गेली, ते आलं अगदी शेवटच्या दुपारी. मी बाळंतपणाचं बाळंतपणाजवळ नेलं. लाडू कोणत्या खेपेचे, हे कागदावर नव्हतं. विचारायला हवं होतं. मी विचारलं नाही. पहिली खेप धरली आणि एक परिच्छेद उचलून दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवला. सांधा इतका गुळगुळीत बसला, की तिथे सांधा होता हे मलाही नंतर दिसेना.

विहारात वंदना झाली. बायका पांढऱ्या साड्या नेसून सतरंजीवर बसल्या होत्या. समोर दोन प्लास्टिकच्या खुर्च्यांवर दोघी जावा. धाकट्या, म्हणजे ज्यांचा वाढदिवस त्या, बुटक्या आणि गोल; थोरल्या उंच, हाडकुळ्या. थोरल्यांनी धाकट्यांचा हात आपल्या मांडीवर घेऊन ठेवला होता. मला कुणीतरी पुढे बसवलं.

धाकट्या आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हेच का ते? तुमचं डोकं माझ्यापरीस पांढरं, आन् मला आजी म्हनता व्हय?"

"सगळे म्हणतात म्हणून मीही म्हणतो."

"मी भाऊ म्हनंन. चालंल ना?"

नातीने वाचायला सुरुवात केली. दोघींना मिळून बाहेर नेसायची एकच साडी होती, ते आलं तेव्हा बायका हसल्या. द्राक्षाचे घड औषधाच्या पाण्यात बुडवून बुडवून हात पिवळे व्हायचे, ते आलं तेव्हा दोन-तीन जणींनी आपापले हात पाहिले. मग लाडू आले. मागच्या बाजूला कुणी हसलं. आणि नातीने पान उलटून पुढचं वाचलं:

"मला दूध कमी होते. मुलगी अंगाने भरलीच नाही. पुढच्या श्रावणात तिला ताप आला आणि त्यातच ती गेली."

नात वाचायची थांबली आणि हसूही थांबलं. पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. थोरल्या आजींनी मांडीवरचा हात उचलून धाकटीच्या मांडीवर परत ठेवला. एखादी वस्तू जिची तिला द्यावी तसा.

"हे तू सांगितलंस?" त्या म्हणाल्या.

धाकट्या आजींना कमी ऐकू यायचं. "काय?"

"लाडवाचं. आन् त्याला लागून पोरीचं."

"लाडवाचं सांगितलं मी. पोरीचं बी सांगितलं. पन..."

"मंग झालं."

"अगं, पन असं नाय." आजी कागदाकडे बघत होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. त्या कागदाकडे बघत होत्या आणि मग माझ्याकडे बघू लागल्या.

त्यांचा मुलगा, म्हणजे नातीचे वडील, पुढे वाकून मला हळूच म्हणाले, "सर, काही मागंपुढं झालंय का?"

मला तेव्हाच कळलं होतं. दोन परिच्छेद मी शेजारी नेले, विचारल्याशिवाय नेले, हे कळायला मला कुणाच्या मदतीची गरज नव्हती. उठून एवढंच म्हणायचं होतं, की ही जोडाजोड माझी. पण सभा भरलेली होती, थोड्या वेळापूर्वी मला शाल दिली होती, ती अजून खांद्यावर होती. मी म्हणालो, "शब्द त्यांचेच आहेत. मी फक्त नीट मांडले."

सगळ्यांनी ऐकलं. थोरल्या आजींनीही.

जेवायला बुंदी होती. थोरल्या आजींनी पान वाढून घेतलं नाही. दोन दिवसांनी त्या आपल्या लेकीकडे इगतपुरीला निघून गेल्या. जावई रेल्वेत होते, तिथेच घर होतं. जाताना भांडल्या नाहीत, असं नातीने सांगितलं. ते वाईट होतं, म्हणाली. भांडल्या असत्या तर परत आल्या असत्या.

ती माझ्याकडे आली होती ती एका कामासाठी. "सर, आजी म्हणते, ते लाडू बाबांच्या वेळचे. पहिल्या वेळी घरात लाडू करायला काही नव्हतंच. बाबांच्या वेळी सासू डबा तपासायची आणि लाडू उरले तर बाळंतिणीला बोलायची. आजीला मेथी जायची नाही. म्हणून थोरली आजी गुपचूप तिच्या वाटचे खाऊन टाकायची. तिलाही मेथी आवडत नाही. अजून नाही आवडत."

मी टेबलावरचे कागद सारखे करत राहिलो.

"आजीने फोनवर सगळं सांगितलं तिला. पण थोरली आजी म्हणते, आता तू सारवासारव करतेस. मनात होतं ते कागदावर आलं. ती पोर माझ्यामुळं गेली असं तुला आयुष्यभर वाटत होतं आणि मी तुझ्या ताटात जेवत होते." तिचा आवाज बदलला. मग तिने फोन काढला. "तुम्ही सांगितलं तर पटेल तिला. फक्त एवढं सांगा की जुळणी तुमची आहे. लावू का आत्ता?"

"आत्ता नको," मी म्हणालो. "मी सगळं पुन्हा लिहितो. यावेळी रेकॉर्डिंग ऐकून लिहितो. नीट झालं की स्वतः इगतपुरीला येऊन वाचून दाखवतो. नुसत्या फोनपेक्षा ते बरं."

फोन आत ठेवत ती "बरं" म्हणाली. आज वाटतं, मी कामाच्या आड जाऊन बसलो हे तिला तेव्हाच कळलं असावं.

पेनड्राइव्ह खणातून काढला आणि ऐकायला बसलो. पहिल्या पाच मिनिटांतच मला दुसरा आवाज ऐकू आला. टायपिंगवाल्या बाईंनी सांगितल्याप्रमाणे तो सोडून दिला होता. धाकट्या आजी म्हणत, इचार हिला, आणि पलीकडून जाड, खर्जातला आवाज म्हणे, हां. कधी म्हणे, गप गं. लाडूंच्या ठिकाणी तर असं होतं: "बाळंतीण मी आन् गाल वर आले हिचे," आणि पलीकडून, "मंग? तुझ्या सासूचा मार तू खाल्ला असतास का?" आणि मग दोघी इतक्या हसतात की एकीला ठसका लागतो आणि कुणीतरी पाणी आणतं. नात्याचं हे सगळं माप त्या ठसक्यात होतं. कागदावर त्यातलं काहीच उतरलं नव्हतं, आणि जे थोडं उरलं होतं, ते मी झाडून काढलं होतं. समोर बसलेल्या माणसाची केलेली थट्टा त्या माणसाला उठवून सांगितली, की तक्रार होते. इतकी साधी गोष्ट मला त्या वयात शिकावी लागली.

मग शेवटची दुपार ऐकली.

आजींच्या त्या पहिल्या मुलीला ताप आला तेव्हा पाऊस चालू होता. दोघी जावा तिला घेऊन नांदगावच्या डॉक्टरकडे चालत गेल्या. धाकट्या अशक्त, म्हणून लेकरू थोरलीकडे. थोरलीची शेळी मागे लागली. हाकलली तरी येईना मागे. आजी शेळीचंच सांगत बसतात. शेळीने डॉक्टरच्या दाराचा पडदा कसा खाल्ला, कंपाउंडर तिच्या तोंडातून कसा ओढत होता. मी पहिल्या वेळी शेळी सबंध कापली होती. मरणाच्या प्रसंगात शेळी कशाला, असं वाटलं होतं. रेकॉर्डिंगमध्ये दोघी शेळीवर पोटभर हसतात. हसू विरतं. आणि मग आजी आवाज न बदलता म्हणतात:

"येताना ही पदरात लेकराशी बोलत व्हती. हे बघ झाड, हे बघ शेळी, असं. सारी वाट. मी म्हनलं, बरं वाटाय लागलं वाटतं पोरीला. घरी आल्यावर कळलं. तुला कव्हा कळलं गं? वाटंतच कळलं व्हतं ना?"

पलीकडून काही येत नाही. मग येतं, "राहू दे."

"राहू दे," आजी म्हणतात. "इचारू नका हिला."

माझ्या सुबक मजकुरात या सगळ्या जागी "त्यातच ती गेली" एवढं होतं.

मी पुन्हा लिहायला बसलो. हे काम मी मन लावून केलं, एवढं मला म्हणता येईल. निवेदनाची भाषा साधी, लिखित ठेवली, म्हणजे शहरातली नातवंडं अडखळू नयेत. पण वाक्यांची लांबी आजींची ठेवली. त्या तीन शब्दांत सांगत तिथे मी चार होऊ दिले नाहीत. बोली ठेवली ती जिथे कुणी कुणाशी बोलतं तिथे. 'मंग' आणि 'आन्' ही बोलता बोलता श्वास घ्यायची ठिकाणं असतात, ती बहुतेक काढली. पण जिथे त्या मुद्दाम थांबत होत्या तिथे एखादं राहू दिलं. गोष्टींचा क्रम त्यांचा तोच. विनोद समजावून सांगायचा नाही, त्याच्या आधी 'गंमत अशी' म्हणायचं नाही, आणि हसवणारा शब्द वाक्याच्या शेवटी येईल असं बघायचं, एवढी पथ्यं पाळली. शेळी परत आली. पडद्यासकट.

आणि थोरल्या जावेला तिच्या जागेवर परत बसवलं. सुरुवातीलाच लिहिलं, की हे सांगताना माझी जाऊ माझ्या शेजारी बसली आहे, मी चुकले तर ती सांगेल. मग 'इचार हिला' ठेवता आलं. सगळीकडे नाही. लिहिण्यात तेच वाक्य सारखं आलं की वाचणारा त्याच्यावरून उडी मारतो. मोजक्या ठिकाणी ठेवलं, म्हणजे शेवटी 'इचारू नका हिला' येतं तेव्हा ते कानाला लागावं. लाडूंचा भाग असा झाला:

"तुझे वडील झाले तेव्हा सासूने मेथीचे लाडू केले. डबा भरून. मेथी म्हणजे कडू जहर, माझ्या गळ्याखाली उतरेना. डबा भरलेला दिसला तर सासू बोलायची. मग हिने खाल्ले. हिलाही मेथी आवडत नाही, तरी सगळे खाल्ले. बाळंतीण मी आणि गाल वर आले ते हिचे. इचार हिला."

महिने गेले यात. मी एकेका वाक्यावर दिवस काढत होतो. नात फोन करायची, मी म्हणायचो, होत आलं. काम बारीक होतं हे खरं. पण फोनवरचं एक वाक्य बोलायला महिने लागत नाहीत, हेही खरं.

आधी धाकट्या आजींना वाचून दाखवलं, त्यांच्याच घरी. शेजारची खुर्ची रिकामी होती. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. मधे म्हणाल्या, "पडदा हिरवा व्हता, भाऊ. घाला." मी घातलं. संपल्यावर म्हणाल्या, "हां. आता मी बोलते हाय. मागल्या कागदातली ती बाई कोन व्हती काय म्हाईत. शिकलेली व्हती." आणि मग, "तिला सांगितलंत का? ती मागली बाई तुमची व्हती म्हनून?"

"तेच सांगायला चाललोय."

"सांगा," त्या म्हणाल्या. "माझं नाय पटत तिला. तुमचं पटंल."

नात आणि मी बसने इगतपुरीला गेलो. पाऊस तिथला, समोरचं दिसू देईना. थोरल्या आजी खिडकीशी पलंगावर बसल्या होत्या, आणखी वाळलेल्या. "या," एवढंच म्हणाल्या. मी वाचायला सुरुवात केली. पहिलं 'इचार हिला' आलं. मी पुढे जाणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "हां."

मग प्रत्येक वेळी म्हणाल्या. कधी हां, कधी गप गं. मी थांबून त्यांना जागा देऊ लागलो. लाडूंना त्यांनी तोंडाला पदर लावला, खांदे हलत होते. हिरव्या पडद्याला मोठ्याने हसल्या. वाटेवरच्या बोलण्याशी आलो तेव्हा त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "राहू दे."

नातीने डोळे पुसले, आणि आजीला फोन लावायला ती बाहेरच्या वऱ्हांड्यात गेली, आत रेंज नव्हती म्हणून. खोलीत आम्ही दोघंच.

थोरल्या आजी माझ्याकडे वळल्या. राग नव्हता त्यांच्या तोंडावर. खरंच कोडं पडल्यासारखं त्यांनी विचारलं, "मंग भाऊ, तव्हा तिनं तसं का सांगितलं?"

हेच सांगायला मी तिथवर गेलो होतो. वाक्य तयार होतं. बसमध्ये मनात दहा वेळा म्हणून झालं होतं. पण नुकत्याच त्या माझ्या लिहिण्यावर मोठ्याने हसल्या होत्या. त्या कौतुकाची ऊब अंगावर होती, आणि ती मला सोडवेना. मी म्हणालो, "वय झालं ना त्यांचं. सांगताना मागचं पुढं झालं असेल."

त्यांनी मान हलवली. "हां. म्हातारी झाली."

नात फोन घेऊन दाराशी आली, तिथवर रेंज पोचत होती. फोनचा आवाज मोठा केलेला होता. थोरल्या आजी त्यात म्हणाल्या, "ऐकलं मी. मनात नाय ठेवत आता. म्हातारी झालीस तू, मागचं पुढं होतं. माफ केलं तुला."

पलीकडून आवाज आला, "मागचं पुढं माझं झालं, हे कोन म्हनलं?"

"हे भाऊ म्हनले."

नातीने माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहत होतो.

"बरं," धाकट्या आजी म्हणाल्या. जरा थांबून पुन्हा म्हणाल्या, "भाऊ म्हनले तर तसंच असंल. केलंस ना माफ? मंग ये आता घरी. मेथी सस्ती झालीय."

थोरल्या चार दिवसांत परत आल्या. पुस्तक छापून झालं. वसाहतीत घरोघरी गेलं. लोक वाचून हसतात आणि गप्प होतात, असं मला अजून कुणी कुणी सांगतं. नातीने माझे आभार छापले. त्यानंतर तिने मला कामाव्यतिरिक्त कधी फोन केला नाही, आणि मी तिला दोष देत नाही.

प्रत द्यायला गेलो तेव्हा दोघी उन्हात बसून मेथी निवडत होत्या. थोरल्या आत चहा ठेवायला गेल्या. धाकट्या आजींनी पुस्तकावरून हात फिरवला आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊ, लिहिता लय छान. बोलायचं तेवढं जमत नाय तुमाला." मग हसल्या. मला सुटायची वाट करून दिल्यासारख्या हसल्या. तेव्हा आतून थोरल्यांनी साखर किती म्हणून विचारलं, आणि मी उत्तर दिलं ते साखरेचं.

पुढे थोरल्या गेल्या. त्यानंतर फार दिवस न लावता धाकट्या. दोघींच्या पुण्यानुमोदनाच्या सभेला मी गेलो, मागे उभा राहिलो. दोन्ही वेळा पुस्तकातला शेळीचा भाग वाचला गेला. दोन्ही वेळा लोकांनी मला पुढे बोलावलं आणि मी गेलो नाही.

तेव्हापासून मी हा माफीनामा कितीदा लिहिला आहे. पहिले मसुदे सगळे सुबक होते. वाचले तर आजी म्हणाल्या असत्या, ही शिकलेली बाई कोन. म्हणून आता तीन शब्दांच्या जागी चार होऊ न देता लिहितो.

आजी, लाडू दुसऱ्या खेपेचे होते. पोरीशेजारी ते मी ठेवले. विहारात मी खोटं बोललो. इगतपुरीला मला विचारलं, तेव्हा तुम्हाला पुढे केलं. थोरल्या आजींनी दिलेली माफी माझ्या चुकीची होती. ती तुम्ही घेतलीत, तुम्हाला जाऊ परत हवी होती म्हणून. चूक माझी होती. मला माफ करा.